‘कितपत महत्त्वाचे?’ हा प्रश्न खरा विचारा: इतिहास विषय समितीला खुले पत्र

प्रति,
सामाईक परीक्षेची इतिहास विषय समिती,
पुणे

सप्रेम नमस्कार.

यंदा अकरावीच्या सामाईक परीक्षेत आपण इतिहासाच्या पेपरात एक नवा प्रश्न घातला: ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे महत्त्व कितपत होते ते स्पष्ट करा.’ गुण ५. त्या वर्षी पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते हे दंगे. ‘टिपा लिहा’ आणि ‘सकारण स्पष्ट करा’ यांच्या पलीकडे जाणारा प्रश्न आला म्हणून आम्हाला आनंदच झाला होता. मग आदर्श उत्तरपत्रिका हाती आली. तीत ५ मुद्दे होते, एका मुद्द्याला एक गुण, आणि पाचही मुद्दे दंगे महत्त्वाचे होते असे सांगणारे. ‘त्यांचा विस्तार आणि कालावधी पाहता ते फारसे महत्त्वाचे नव्हते’ असे लिहून कारणे देणाऱ्या मुलांना त्या योजनेप्रमाणे जवळजवळ काहीच गुण देता येत नव्हते. नियामकांना विचारले तेव्हा ‘उत्तरपत्रिकेप्रमाणे जा’ एवढेच कळले.

आम्ही हे पेपर तपासतो, आणि तपासलेले पेपर मुलांच्या हातात देताना त्यांच्या प्रश्नांना उत्तरेही आम्हालाच द्यावी लागतात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. पालकांनी आणि मुलांनीही ते वाचावे.

पहिली तक्रार शब्दांबद्दल आहे. ‘महत्त्व विशद करा’ हा आपल्या पेपरांतला जुना प्रकार. त्यात महत्त्व आहे हे गृहीतच असते आणि मुलाने फक्त ते मांडायचे असते. मराठीत ‘महत्त्व’ हा शब्द ‘थोरवी’च्या फार जवळ जातो. त्यामुळे मुले गौरवाची भाषा वापरतात: अनन्यसाधारण, अजरामर, सुवर्णाक्षरांनी लिहिलेले. आपण वाक्यात ‘कितपत’ घातले, पण शेवट ‘ते स्पष्ट करा’ असा ठेवला. ‘कितपत’ मोजायला सांगते, ‘स्पष्ट करा’ समजावून द्यायला सांगते. मूल साहजिकच ओळखीच्या शब्दामागे जाते आणि समजावू लागते.

त्याच वाक्यातल्या ‘दंगे’ या शब्दाने तर निम्मा निकाल आधीच लावून ठेवला आहे. सरकारी कागदपत्रांत तो प्रकार दंगा म्हणून आला, कारण सरकारला तो सुव्यवस्थेचा प्रश्न वाटला. ‘शेतकऱ्यांचा उठाव’ म्हटले की तोच प्रसंग वेगळ्या वजनाचा दिसतो. दोन्हींपैकी कोणता शब्द बरोबर हा मुद्दा नाही. महत्त्व ठरवायला सांगणाऱ्या प्रश्नात नाव आधीच काही ठरवत असेल, तर ते मुलाच्या लक्षात आणून देणे पेपर काढणाऱ्याचे काम आहे. ‘सुपे व आसपासच्या गावांत १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या घटनांचे’ असे लांब वाक्य लिहिले तरी चालेल. ते निदान तटस्थ राहते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. महत्त्व कोणासाठी, कशाच्या संदर्भात आणि किती काळापुरते हे प्रश्नात कुठेच नाही. या तीन गोष्टींशिवाय ‘कितपत’ला उत्तर नसते. एक उदाहरण घेऊ. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात ज्यांचे कागद जळाले, त्या सावकारांच्या दृष्टीने तो दिवस फारच मोठा होता. साऱ्या मुंबई इलाख्याचा विचार केला तर मूठभर गावांतली ती घटना. कर्जाच्या कायद्याच्या इतिहासात पुन्हा मोठी. तिन्ही उत्तरे खरी आहेत. मग परीक्षकाने कोणते उत्तर बरोबर धरायचे? संदर्भ दिला नाही की परीक्षक स्वतःच्या मनातला संदर्भ लावतो, आणि दोन परीक्षकांच्या गुणांत फरक पडू लागतो.

आता निकषांबद्दल. आपल्या उत्तरपत्रिकेत निकष नाहीत, फक्त माहिती आहे. घटनेचे महत्त्व कशावरून ठरवावे याचा विचार इतिहासशिक्षणात बराच झाला आहे. जेफ्री पार्टिंग्टन यांनी १९८० मध्ये पाच कसोट्या मांडल्या: त्या काळच्या लोकांना घटना किती मोठी वाटली, लोकांच्या आयुष्यावर तिचा परिणाम किती खोल झाला, किती लोकांवर झाला, किती काळ टिकला आणि आजचे जग समजून घ्यायला तिचा काय उपयोग होतो. क्रिस्टीन कौन्सेल यांनी २००४ मध्ये वेगळी मांडणी केली. तिच्यातला एक निकष आम्हाला वर्गात फार उपयोगी वाटतो: घटनेने आधीपासून दडलेले काही उघड केले का? हे निकष पाठ करून शीर्षके म्हणून लिहायचे नाहीत. प्रत्येक निकष वेगळा पुरावा मागतो, आणि दोन निकषांनी एकाच घटनेबद्दल उलट उत्तरे दिली की खरे काम सुरू होते. दख्खनच्या घटना त्यासाठी उत्तम आहेत, कारण तिथे निकष एकमेकांशी भांडतात.

विस्तारापासून सुरुवात करू. पाठ्यपुस्तकांत दोन आकडे सापडतात: ३० हून अधिक गावे आणि सुमारे ६,५०० चौरस किलोमीटरचा प्रदेश. आपल्या उत्तरपत्रिकेत फक्त दुसरा आकडा आहे, ‘व्यापक प्रसार’ या मुद्द्याखाली. पण ६,५०० चौरस किलोमीटर म्हणजे ज्या पट्ट्यात ती गावे विखुरलेली होती त्याचे क्षेत्रफळ. तेवढी सगळी भूमी पेटली होती असा त्याचा अर्थ नाही. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत गावे हजारांनी आहेत, त्यांपैकी ही तीसेक. क्षेत्रफळाचा आकडा मोठा वाटतो, गावांचा लहान, आणि दोन्ही खरे आहेत. ‘व्यापक’ हा शब्द मुलाने कोणत्या आकड्यावर उभा केला हे परीक्षकाने पाहिले पाहिजे. अटकांच्या आकड्याचेही तसेच. ९५१ जणांना अटक झाली हे खरे. पण अटकांवरून सहभागी माणसांची मोजणी होत नाही. सरकार किती घाबरले आणि पोलीस कुठवर पोहोचले हे त्यावरून जास्त कळते. हा आकडा विस्ताराखाली लिहिला तर तो अर्धाच उपयोगी पडतो. ‘त्या काळच्या सत्तेला घटना किती मोठी वाटली’ या निकषाखाली मात्र तो नेमका बसतो.

कालावधीवर पाहिले तर घटना आखूड आहे. उद्रेक मुख्यतः काही आठवड्यांत आटोपला. लष्कर आले, गावांत पोलीस चौक्या बसल्या. मनुष्यहानीही फारच थोडी झाली. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ मध्ये यावरच बोट ठेवले. या दंग्यांचे महत्त्व नंतर फुगवले गेले आणि दख्खनच्या ग्रामीण समाजात त्यांनी फार मोठे वळण आणले नाही, असा त्याचा रोख होता. म्हणजे ज्या मुलाने ‘फारसे महत्त्वाचे नव्हते’ असे लिहिले, त्याच्या बाजूने एक जाणकार इतिहासकार उभा आहे. आपल्या उत्तरपत्रिकेत त्या मताला जागाच नाही. आमचा सर्वांत मोठा राग याचा आहे.

आता उलट बाजू. मनुष्यहानी कमी होती, हा मुद्दा महत्त्व कमी करतो असे मुलांना वाटते. उघड करण्याचा निकष लावला की तोच मुद्दा महत्त्व वाढवतो. जमाव सावकाराच्या जिवावर उठला नव्हता, त्याला कागद हवे होते. बहुतेक ठिकाणी वह्या आणि रोखे मुकाट्याने हवाली केले की मारहाण टळली. कागदच का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. हेतू कुळाला व्याजाच्या डोंगराखाली दबू न देण्याचा होता. झाले असे की सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला, मागचे व्याज मुद्दलात धरून. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाच्या अंगठ्याखाली रक्कम वाढत गेली, आणि दिवाणी न्यायालयात तो कागद हाच शेवटचा शब्द ठरला. त्यात १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढा भाव होता आणि कर्ज सहज मिळत होते. युद्ध संपले, भाव पडले, त्याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. जाळलेल्या कागदांच्या ढिगात ही सगळी साखळी दिसते. १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारांवर बहिष्कार पडला होता, म्हणजे सुप्याच्या आधीच असंतोष संघटित होऊ लागला होता. ‘उघड करणारी घटना’ हा निकष असा वापरायचा असतो. घटना लहान असूनही तिच्यातून काय दिसले ते नेमके सांगायचे.

परिणामांच्या निकषावर बहुतेक मुले आणि आपली उत्तरपत्रिका एकच वाक्य लिहितात: ‘दंग्यांमुळे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.’ हे वाक्य चूक आहे असे नाही, पण त्यात एक निराळाच प्रश्न लपला आहे. म्हणून तिसरी तक्रार: आपण दोन प्रकारचे प्रश्न एकात मिसळले.

‘ही घटना कितपत महत्त्वाची होती?’ हा एक प्रश्न. ‘१८७९ चा कायदा होण्यात या घटनेचा वाटा कितपत होता?’ हा दुसरा. पहिल्यात निकष लावून घटनेचे वजन करायचे असते. दुसरा खरे तर कारणांचा प्रश्न आहे. त्यात घटनेला इतर कारणांशेजारी ठेवून तुलना करावी लागते, आणि घटना झाली नसती तर काय वेगळे घडले असते याचा अंदाज पुराव्याने बांधावा लागतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पद्धतीने लिहिले की मूल घटनेबद्दल सगळे सांगते आणि इतर कारणांचे नावही घेत नाही. आपला प्रश्न पहिल्या प्रकारचा आणि ५ पैकी ३ मुद्दे दुसऱ्या प्रकारचे, अशी गफलत झाली आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे चांगले उत्तर कसे चालते ते थोडक्यात दाखवतो. सावकारी आणि न्यायालये यांच्या जोडीने कुणब्यांचे काय होत आहे याचा इशारा महसूल मोजणीचे अधिकारी जॉर्ज विंगेट यांनी १८५२ मध्येच दिला होता. म्हणजे सरकारला रोग माहीत होता, तरी पाव शतकभर औषध आले नाही. १८७५ नंतर मात्र चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये १७ व्या क्रमांकाचा कायदा झाला. हा क्रम पाहता घटनेने सरकारला हलवले हे म्हणणे टिकते. पण मध्येच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ येतो, तो याच जिल्ह्यांना होरपळून गेला. कायद्याची निकड त्यानेही वाढवली असणार, आणि दोघांचा वाटा कातरीने वेगळा करता येत नाही. तुलनेला बंगालचे पाबना घ्या. तिथे १८७३ मध्ये कुळांचे आंदोलन झाले आणि बंगालचा कूळकायदा आला १८८५ मध्ये, १२ वर्षांनी. दख्खनमध्ये हे ४ वर्षांत झाले. या तुलनेवर फार भार टाकू नये, तिथले जमीनदारीचे प्रश्न निराळे होते. तरी ‘लवकर’ हा शब्द कशाच्या मानाने वापरला हे तिच्यामुळे ठरते. एवढे मांडल्यावर विद्यार्थी लिहू शकतो: घटनेने कायद्याची कारणे निर्माण केली नाहीत, ती आधीपासून होती, घटनेने त्यांना टाळता न येणारे केले. हे वाक्य ५ मुद्द्यांपेक्षा मोलाचे आहे, कारण त्याने घटनेच्या वाट्याला मर्यादा घातली.

आणि कायदा झाला म्हणजे परिणाम झाला असेही नाही. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा सगळा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद थांबवली. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. सावकारांनी वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याची चाल रुळली, कारण विक्रीचा कागद उकरणे अवघड. म्हणून ‘परिणाम खोल झाला’ लिहिताना मुलाने न्यायालयातली बदललेली रीत आणि शेतातले तसेच राहिलेले कर्ज यांत फरक केला पाहिजे.

आजच्या काळाशी नाते जोडण्याच्या निकषात मुले सर्वाधिक घसरतात. ‘आजही शेतकरी कर्जात आहेत, म्हणून ही घटना महत्त्वाची’ असे लिहितात. मधली दीडशे वर्षे, सहकारी पतपेढ्या, बँका, जमीनसुधारणा, सगळे एका उडीत पार. हे साम्य झाले, पण साम्य म्हणजे महत्त्व नव्हे. शेतकऱ्याच्या कर्जाकडे खासगी व्यवहार म्हणून न पाहता त्यात राज्याने हात घालावा, या कल्पनेचा माग १८७९ पासून काढून दाखवला, तरच या निकषाला गुण द्यावेत.

तपासणाऱ्यांसाठी एक साधी युक्ती सांगतो. उत्तरातले घटनेचे नाव बोटाने झाका आणि तिथे दुसऱ्या कोणत्याही आंदोलनाचे नाव वाचा. उत्तर तरीही लागू पडत असेल, तर त्यात निर्णय नाही, नुसती विशेषणे आहेत. ‘लोकांत जागृती झाली, सरकारला दखल घ्यावी लागली, पुढच्या लढ्यांना प्रेरणा मिळाली’ ही तीन वाक्ये या युक्तीपुढे लगेच गळतात. दुर्दैवाने आपल्या उत्तरपत्रिकेतले दोन मुद्दे हेच आहेत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

पुढील पेपरात प्रश्न संदर्भासह विचारावा. आमचा मसुदा असा: ‘१८७५ ते १९०० या काळात पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी, सावकार आणि सरकार यांच्या संबंधांच्या दृष्टीने १८७५ चे सावकारविरोधी उद्रेक कितपत महत्त्वाचे होते? किमान दोन निकष लावून तुमचा निर्णय द्या.’ कारणांचा प्रश्न विचारायचा असेल तर तो स्वतंत्रपणे, ‘इतर कारणांच्या तुलनेत’ हे शब्द घालून विचारावा.

या प्रश्नाला ८ गुण आणि लिहायला किमान १५ मिनिटे मिळतील अशी पेपराची आखणी असावी. ५ गुणांत दोन निकष, पुरावा आणि निर्णय बसत नाहीत, आणि मग परीक्षकही मुद्दे मोजू लागतो.

गुणदान मुद्द्यांवर नको, पातळ्यांवर हवे. नुसती हकिकत असेल तर २ पर्यंत. निकष घेऊन त्याखाली नेमकी माहिती ठेवली, पण वजन केले नाही, तर ४ पर्यंत. एका निकषावर मोठी आणि दुसऱ्यावर लहान ठरते हे दाखवले, तर ६ पर्यंत. त्यातला कोणता निकष इथे जास्त वजनाचा आणि का, हे सांगून कोणासाठी व किती काळ या मर्यादेसह निर्णय दिला, तर ७ किंवा ८. निर्णय कोणत्या बाजूचा आहे याला गुण नसावेत. शेवटच्या ओळीत ‘म्हणून ही घटना महत्त्वाची होती’ असे चिकटवलेले वाक्य निर्णय धरू नये. निर्णय उत्तराच्या पहिल्या दोन-तीन ओळींत दिसावा आणि पुढचा मजकूर त्याला धरून असावा.

आदर्श उत्तरपत्रिकेत या प्रश्नाची दोन नमुना उत्तरे द्यावीत, एक ‘बऱ्याच अंशी’ म्हणणारे आणि एक ‘मर्यादित’ म्हणणारे, दोन्हींना पूर्ण गुण देऊन. परीक्षकांच्या पहिल्या बैठकीत सर्वांनी एकाच उत्तराला स्वतंत्रपणे गुण द्यावेत. दोघांच्या गुणांत २ पेक्षा जास्त फरक पडला, तर पातळ्यांचे वर्णन तिथेच दुरुस्त करून मगच गठ्ठे वाटावेत.

आणि यंदाच्या पेपरापुरते: ज्या उत्तरांत मुलांनी कारणे देऊन महत्त्व मर्यादित ठरवले आहे, ती उत्तरे बाजूला काढून वरील पातळ्या ५ गुणांच्या प्रमाणात लावून पुन्हा तपासावीत. असे पेपर आमच्या गठ्ठ्यांत आहेत आणि त्यांवर आम्ही खूण करून ठेवली आहे. गुणपत्रके छापायला जाण्याआधी आपण सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या केंद्रावर येऊन ते तपासायला आम्ही तयार आहोत. त्यासाठी वेगळे मानधन नको.

आपले,
सामाईक परीक्षेचे पेपर तपासणारे इतिहासाचे काही शिक्षक,
पुणे